उन्हाची कड आणि मिरचीची लाली

उमरीहून बोलतेय. आज विषय आहे आपल्या बॅनरवरच्या आणि पाकिटावरच्या फोटोंचा. बऱ्याच गटांत आता कुणी ना कुणी ताई मोबाईलवर फोटो कापते, मागचं घर-भिंत काढून टाकते आणि त्या जागी शेत, नदी नाहीतर मिरचीचं खळं लावते. कापणं जमतं, लावणंही जमतं. पण फोटो बघितला की बाई तिथं उभी आहे असं वाटत नाही, चिकटवली आहे असं वाटतं. जत्रेतल्या फोटोवाल्याकडं ताजमहालाच्या पडद्यापुढं उभं राहून काढलेल्या फोटोसारखं. ताजमहालावर चांदणं पडलेलं आणि आपल्या तोंडावर मात्र फ्लॅशचा पांढरा झगझगाट.

असं का होतं आणि ते कसं जुळवायचं, एवढंच आज सांगते. त्यातल्याही दोनच गोष्टींवर जास्त बोलते. एक म्हणजे कडेचा उजेड, त्याला फ्लेक्सच्या दुकानात रिम लाइट म्हणतात. दुसरा म्हणजे आजूबाजूच्या वस्तूवरून उडून आलेला रंगीत उजेड, त्याला बाउन्स लाइट म्हणतात.

ही दोन्ही आपण रोज बघतो. संध्याकाळी गुरं घराकडं येतात तेव्हा सूर्य त्यांच्या मागं असतो. बैलाचं अंग आपल्याला काळपट दिसतं, पण पाठीवर, वशिंडावर आणि शिंगाच्या एका बाजूला सोनेरी रेघ चमकते. तो कडेचा उजेड. आणि दारात झेंडूची रास घेऊन हार करत बसलेल्या बाईची हनुवटी खालून बघा, ती पिवळसर दिसते. ऊन झेंडूवर पडतं आणि झेंडूचा रंग घेऊन वर उडतं. तो परतीचा उजेड. बाई जिथं बसली आहे तिथला उजेड तिच्या अंगावर असतो. आपण फोटो कापतो तेव्हा बाईबरोबर जुन्या जागेचा उजेडही कापून आणतो. नव्या जागेचा उजेड तिच्यावर नसतो, म्हणून ती परकी दिसते.

आता एक उदाहरण घेऊन पुढं जाऊ. आपल्या शेजारचं धर्माबाद लाल मिरचीसाठी ओळखलं जातं. उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची वाळत घातली की जमीनच लाल दिसते. मिरची पूड करणाऱ्या एका गटाला प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी बॅनर करायचा होता. मागचा फोटो त्यांच्याच खळ्याचा, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराचा. सूर्य डाव्या बाजूला, मागं आणि खाली. पुढं मिरचीची रास. त्यात हातात सूप धरलेली गटातली ताई बसवायची होती. तिचा फोटो समाजमंदिराच्या चुन्याच्या भिंतीपुढं काढलेला. अंगावर हिरवी सुती साडी, डोक्यावर पदर.

पहिलं काम मोबाईल हातात घेऊन रंगवायचं नाही. पहिलं काम बघायचं. मागच्या फोटोत आधीपासून उभी असलेली एखादी वस्तू शोधा. या फोटोत एक लाकडी खांब होता. तो खांब आपला साक्षीदार. बोटांनी फोटो मोठा करून त्याच्याकडं तीन प्रश्न घेऊन बघा. त्याची आपल्याकडची बाजू किती काळपट आहे? त्याची कड कोणत्या बाजूनं चमकते आणि ती चमक किती रुंद आहे? त्याच्या बुडाशी कोणता रंग चढलाय? या खांबाचं उत्तर असं होतं: पुढची बाजू बरीच काळपट, डावी कड सोनेरी, आणि बुडाशी वीतभर तांबूस झाक. ताईच्या अंगावर नेमकं हेच आणायचं. खांब खरा आहे, म्हणून अंदाज लावायची गरज नाही. पुढं कुठंही अडलं तर परत खांबाकडं बघायचं.

ढगाळ दिवसाचा मागचा फोटो असेल तर हाच साक्षीदार सांगेल की कड कुठंच चमकत नाही. मग आपणही चमकवायची नाही. ऊन नाही तिथं उन्हाची कड नाही. आणि सूर्य डोक्यावर असेल तर चमक बाजूला नसते, डोक्यावर आणि दोन्ही खांद्यांवर असते.

आता ताईचा फोटो कसा असावा? सावलीत, ओसरीत किंवा झाडाखाली काढलेला. भर दुपारच्या उन्हात काढला तर नाकाखाली आणि डोळ्यांखाली काळ्याकुट्ट सावल्या पडतात आणि त्या नंतर पुसता येत नाहीत. त्या सावल्या सांगतात की सूर्य डोक्यावर आहे आणि मागचं खळं सांगतं की सूर्य मावळतोय. हे भांडण कोणत्याही रंगानं मिटत नाही, फोटोच परत काढावा लागतो. सावलीतल्या फोटोत उजेड सगळीकडून सारखा असतो, म्हणून त्याच्यावर आपल्याला हवा तो उजेड बसवता येतो.

फोटो उजेडाच्या उलट बाजूचा वाटला तर काही जणी तो आरशासारखा पलटवतात. तसं बाईच्या फोटोला करू नका. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि स्टॉलवर येणाऱ्या बाईला ते लगेच खटकतं. पाकिटावरची अक्षरंही उलटी होतात. पलटवायचंच तर मागचं खळं पलटवा. खळ्याला डावा-उजवा पदर नसतो. फक्त त्यात पाटी, गाडीचा नंबर असं काही लिहिलेलं नाही ना, ते बघा.

हे काम करायला थरांचं, म्हणजे लेयरचं, अॅप लागतं. ibis Paint X हे त्यातलं एक, मोबाईलवर चालतं. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. सगळ्यात खाली खळं, त्यावर कापलेली ताई, आणि तिच्यावर आपण तीन कोरे कागद ठेवणार आहोत. प्रत्येक कोऱ्या कागदावर Clipping हे बटण दाबायचं. ते दाबलं की त्या कागदावर काहीही रंगवलं तरी ते फक्त ताईच्या अंगावर दिसतं, बाहेर खळ्यावर सांडत नाही. कापलेली ताई PNG मध्ये जतन केलेली असावी. आणि ती कुणाला पाठवायची तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की पारदर्शक जागा जाते आणि मागं परत एक रंग भरून येतो.

रंगवण्याआधी कापलेली कड तपासा. चुन्याच्या भिंतीपुढचा फोटो कापला की अंगाभोवती बारीक पांढरी रेघ राहते. सगळ्यात आधी डोळ्याला तीच दिसते. फोटो खूप मोठा करून खोडरबरानं कड एक-दोन ठिपके आत घ्या. डाव्या बाजूला थोडी राहिली तर चालेल, तिथं आपण उजेड देणारच आहोत. उजव्या बाजूला ती अजिबात राहू देऊ नका, कारण तिकडं सावली आहे आणि सावलीत पांढरी रेघ येते कुठून?

आता पहिला कागद. हा काळपटपणाचा. सूर्य मागं असेल तर आपल्याकडची बाजू सावलीत असते. ताई मात्र लख्ख उजेडात काढलेली. तिला आधी सावलीत नेल्याशिवाय कडेची चमक दिसणारच नाही. भर दुपारी समई लावली तर ज्योत दिसत नाही, तसंच. म्हणून या कागदाचा प्रकार Multiply ठेवा. खळ्यातल्या खांबाच्या सावलीकडच्या भागावर बोट दाबून धरा, तिथला रंग आपल्या ब्रशला येतो. तो रंग ताईवर सगळीकडं भरा आणि मग त्या कागदाचा दाटपणा, म्हणजे opacity, कमी करा. साधारण तीस ते चाळीस टक्क्यांवर ठेवून खांबाशी ताडून बघा. काळा रंग कधी वापरू नका. काळ्यानं बाई काजळी लागल्यासारखी दिसते. खरी सावली तपकिरी, निळसर, जांभळट अशी कुठल्या तरी रंगाचीच असते.

इथं एक गोष्ट सांगते, कारण ती दुकानात हमखास होते. ताई सावळी असली की दुकानदार न विचारता तिचा चेहरा उजळ करतो. मग सगळी ताई संध्याकाळच्या सावलीत आणि चेहरा मात्र दिव्याखाली, असं दिसतं. फोटो तर बिघडतोच, शिवाय स्टॉलवर ताई समोर उभी असते आणि बॅनरवर कुणी दुसरीच. चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून चेहऱ्यावरचा काळपटपणा खोडरबर हलकासा फिरवून थोडा कमी करता येतो. तेवढं पुरे. तिचा मूळ रंग आहे तसा राहू द्या, आणि छापायला देण्याआधी फोटो तिला दाखवा.

दुसरा कागद परतीच्या उजेडाचा. ऊन मिरचीवर पडतं, मिरचीची लाली घेऊन वर येतं आणि ताईला खालून लागतं. या कागदाचा प्रकार Soft Light ठेवा. राशीच्या उन्हातल्या भागावर बोट दाबून रंग घ्या, सावलीतल्या काळपट मिरचीचा नको. ब्रश घ्या Airbrush, भलामोठा, ताईच्या कमरेइतका रुंद, आणि दाटपणा वीस टक्क्यांच्या आसपास. बारीक ब्रशनं हे काम होत नाही. परतीचा उजेड कुठंच कडक रेघेसारखा नसतो, तो वाफेसारखा चढतो.

आता तो कुठं द्यायचा? मनात एकच विचार ठेवा: मिरचीच्या राशीत पडून मी वर बघितलं तर मला ताईचं काय काय दिसेल? साडीच्या निऱ्यांचा खालचा भाग, सुपाचं बूड, हाताचा खालचा भाग, हनुवटीची खालची बाजू. तेवढ्यालाच लाली लागते. डोक्याचा वरचा भाग आणि खांद्याची वरची बाजू राशीतून दिसत नाही, तिथं लाली नाही. आणि जसं वर जाल तसं कमी. निऱ्यांजवळ भरपूर, सुपाच्या बुडाशी चांगली दिसेल अशी, हनुवटीखाली जेमतेम. हनुवटीखाली जास्त झाली की ताईच्या अंगावर पित्त उठल्यासारखं दिसतं.

या उदाहरणात एक अडचण आली. सुपावर लाली छान दिसली, पण हिरव्या साडीवर ती दिसेना. उलट साडी मळकट, तपकिरी वाटली. ताई म्हणाली, रंग बिघडला. रंग बिघडला नव्हता. हिरवं कापड हिरवा उजेडच जास्त परत देतं, लाल उजेड बराचसा गिळून टाकतं. म्हणून हिरव्या साडीवर लाल उजेड पडला की ती लाल होत नाही, मंद तपकिरी होते. खात्री करायची असेल तर हिरव्या साडीचा पदर उन्हात वाळणाऱ्या मिरचीवर धरून बघा. पांढऱ्या आणि फिक्या वस्तूंवर मात्र परतीचा उजेड लगेच दिसतो. म्हणून सगळी मेहनत सुपावर आणि हातावर करा, साडीवर थोडक्यात आटपा. साडी लाल दिसावी म्हणून प्रकार बदलून Normal केला आणि जोर लावला, तर साडीला गेरू फासल्यासारखं होतं.

आणि ताईच्या हातात सुपाऐवजी पुडीचं पाकीट असेल तर पारदर्शक खिडकीतून दिसणाऱ्या पुडीवर हा ब्रश अजिबात फिरवू नका. मिरची पुडीत रंगाची भेसळ होते हे गिऱ्हाईक जाणून आहे. बॅनरवर पूड लालभडक आणि हातातल्या पाकिटात साधी लाल, असं दिसलं की त्याचा विश्वास उडतो. उजेड जुळवायचा तो ताईवर आणि सुपावर. मालाचा रंग आहे तसाच राहिला पाहिजे.

तिसरा कागद कडेच्या उजेडाचा. हा सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात वर असतो. प्रकार Add ठेवा. रंग पांढरा नको. सूर्याच्या गोळ्यावरचाही नको, तो फोटोत पांढराच उतरतो. गोळ्याच्या जरा बाजूच्या आभाळाचा फिका सोनेरी घ्या. ब्रश मऊ, पण लहान. दोन हजार ठिपके उंचीचा फोटो असेल तर वीस ठिपक्यांचा ब्रश पुरतो.

ब्रश अंगावर न फिरवता अंगाच्या बाहेरून फिरवा, असा की त्याची फक्त आतली अर्धी बाजू ताईवर येईल. Clipping असल्यामुळं बाहेरची अर्धी आपोआप लपते. मग उजेड कडेला सगळ्यात तेज आणि आत येताना विरत जाणारा असा येतो. बैलाच्या पाठीवर दिसतो तसाच.

सूर्य डावीकडं मागं आहे, म्हणून फक्त डावी बाजू. डोक्यावरच्या पदराची डावी कड, डावा खांदा, डाव्या दंडाची बाहेरची बाजू, सुपाचा डावा काठ. चेहऱ्यावर फक्त गालाची बाहेरची कड, तीही अगदी बारीक. आणि ही रेघ सलग नको. पदर मानेवर सावली धरतो तिथं तुटली पाहिजे. हात अंगाला चिकटतो तिथं तुटली पाहिजे. जिथं गोलाई आहे, जसा खांदा, तिथं चमक रुंद. जिथं धार आहे, जसा सुपाचा काठ, तिथं बारीक. साडीचा काठ सगळीकडं सारख्या रुंदीचा असतो, उजेडाचा काठ कधीच तसा नसतो. हीच ओळख लक्षात ठेवा.

काही अॅपमध्ये एक बटण दाबलं की अंगाभोवती सगळीकडून पांढरी रेघ नाहीतर तेजाचं वलय येतं. ते सोपं आहे, पण ते देवाच्या फोटोमागच्या प्रभावळीसारखं दिसतं. सूर्य एका बाजूला आणि उजेड चारही बाजूंनी, हे कुठं घडतं?

पदराची एक गंमत अजून. सुती पदर पातळ असतो. मागून ऊन आलं की ते कापडातून पार होतं आणि पदर आतून उजळल्यासारखा दिसतो. म्हणून डोक्यावरच्या पदराच्या डाव्या भागाला, जिथं मागं केस किंवा मान नाही, तिथं फिका पोपटी रंग हलकासा द्या. जाड लुगडं किंवा जरीचा पदर असेल तर हे करायचं नाही, त्यातून ऊन पार होत नाही.

आता ताई जमिनीवर टेकवायची. तिचे पाय दाखवण्याच्या नादी लागू नका. खळ्याच्या फोटोतली पुढची थोडी मिरची कापून घ्या आणि ती सगळ्यात वरच्या थरावर, ताईच्या पुढं ठेवा. म्हणजे ती राशीमागं उभी आहे असं दिसतं. मागं डाव्या बाजूला सूर्य, म्हणजे तिची सावली आपल्याकडं आणि उजवीकडं पडणार. खांबाची सावली ज्या तिरप्या दिशेनं गेलीय त्याच दिशेनं राशीवर एक पुसट सावली द्या, Multiply मध्येच.

झालं की तपासणी. मोबाईल हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करून बघा. ताई आणि खांब एकाच उजेडात उभे वाटतात का? मग फोटोची एक प्रत काढून तिचा रंग पूर्ण घालवा, काळी-पांढरी करा. रंगाच्या भुलीत जे लपतं ते तिथं उघडं पडतं. ताई खांबापेक्षा बरीच उजळ दिसली तर पहिला कागद कमी पडलाय. कड सगळ्यात आधी डोळ्यात घुसली तर तिसरा कागद जास्त झालाय, त्याचा दाटपणा उतरवा. आणि एक रात्र जाऊ द्या. बराच वेळ बघून डोळा सरावतो आणि भडक रंगही बरा वाटू लागतो. सकाळी पहिल्या नजरेत जे खटकेल ते खरं.

छापायला देताना मोबाईलचा प्रकाश निम्म्यावर ठेवून एकदा बघा. पडदा स्वतः उजेड देतो, फ्लेक्स देत नाही. त्यामुळं छापल्यावर सगळं थोडं काळपट आणि मंद होतं. निम्म्या प्रकाशात ताईचा चेहरा ओळखू येत नसेल तर पहिल्या कागदाचा दाटपणा पाच-दहा टक्के उतरवा. दुकानदाराला थरांची फाइल देऊ नका, तयार झालेला फोटो द्या आणि चेहऱ्याला, पुडीला हात लावू नको म्हणून आधीच बजावा.

ज्या गटाकडं सध्या हा मोबाईल हाताळणारी कुणी नाही, त्यांनी दुकानात जाताना एवढं तरी म्हणावं: सूर्य कुठल्या बाजूला आहे ते आधी बघ, कड त्याच बाजूला दे, आणि खालून रंग दे तो जमिनीवर जे आहे त्याचाच दे. आणि सगळ्यात सोपा उपाय अजून तोच आहे. खळं आपलं, ताई आपली, मिरचीही आपलीच. संध्याकाळी साडेपाचला ताईला सूप देऊन राशीमागं उभं करता आलं, तर कापायचं, चिकटवायचं, रंगवायचं काहीच कारण नाही. हे सगळं काम ते जमत नाही तेव्हाचं.